फीड पंपाचा रिसर्क्युलेशन व्हॉल्व्ह दर हंगामात का खाल्ला जातो?

वाशीम, अकोला, अमरावती पट्ट्यातल्या सोयाबीन सॉल्व्हंट प्लांटमध्ये ही तक्रार ठरलेली आहे. दसऱ्यानंतर आवक वाढते, बॉयलर पूर्ण लोडवर येतो आणि ड्रमची पाण्याची पातळी धरत नाही. फीड कंट्रोल व्हॉल्व्ह नव्वद टक्क्यांच्या वर उघडलेला असतो, पंपाचे अँपिअर कमी झालेले नसतात, तरी पातळी हळूहळू खाली जाते. मग शिफ्टमधला माणूस सांगतो, "साहेब, पंप गेला वाटते." पंप उघडला जातो, इंपेलर चांगले निघतात, दोन दिवस वाया जातात.

बहुतेक वेळा पंप ठीक असतो. पाणी दुसऱ्या वाटेनं परत जात असतं, आणि ती वाट म्हणजे पंपाच्या डिस्चार्जवरून डीएरेटरला जाणारी रिसर्क्युलेशन लाइन. तिच्यावरचा व्हॉल्व्ह बंद दाखवतो, पण आतून पास होत असतो. नवा ट्रिम टाकला की काही महिने बरं चालतं आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच. प्लग-सीट बदलून हा प्रश्न का संपत नाही आणि कशानं संपतो, ते एका ठरावीक उदाहरणावर मांडतो.

आधी खात्री करून घ्या

बॉयलर ताशी १२ टनाचा, दाब १७.५ किलो, इंधन तुराट्या-पऱ्हाट्या आणि भुसा. फीड पंप उभा मल्टिस्टेज, ताशी १६ घनमीटरचा, सतत चालणारा. बनवणाऱ्यानं त्याला ताशी किमान ६ घनमीटर प्रवाह सांगितलेला. वीज गेली, पेंडीतला सॉल्व्हंट उडवणारा डीटी थांबला आणि वाफेची मागणी पडली की ड्रमचा व्हॉल्व्ह मिटतो. त्या वेळी पंपातलं पाणी तापून वाफ होऊ नये म्हणून रिसर्क्युलेशन व्हॉल्व्ह उघडून ६ घनमीटर पाणी डीएरेटरला परत पाठवतो. मागणी वाढली की तो बंद झाला पाहिजे.

आता १२ टन वाफेला १२ घनमीटरच्या वर पाणी लागतं, त्यात ब्लोडाउन वेगळं. बंद व्हॉल्व्हमधून ताशी चार घनमीटर गळले तर पंपाचे १६ तिथंच संपतात. पंप बिचारा पूर्ण काम करतो आणि ड्रम उपाशी राहतो.

तपासणी सोपी आहे. बॉयलर पूर्ण लोडवर असतानाच रिसर्क्युलेशनच्या आधीचा हातानं फिरवायचा आयसोलेशन व्हॉल्व्ह मिनिटभर बंद करा आणि पॅनलवर ड्रमच्या व्हॉल्व्हकडे बघा. तो ९५ वरून सत्तरच्या आसपास उतरला तर गळती सापडली. मिनिट झालं की आयसोलेशन परत उघडायला विसरू नका, आणि कमी लोडवर ही चाचणी करूच नका. तेव्हा पंपाला दुसरी वाट नसते.

खाल्लेला प्लग काय सांगतो

व्हॉल्व्ह उघडला की प्लग लगेच कबाडात टाकू नका. कॅव्हिटेशननं खाल्लेला धातू खरबरीत असतो, बारीक खड्डे एकमेकांत मिसळलेले, वाळवी लागलेल्या चौकटीसारखा. फ्लॅशिंगचा घाव उलटा दिसतो: गुळगुळीत, चकचकीत, प्रवाहाच्या दिशेनं ओढलेल्या पन्हळी. व्हॉल्व्ह चालू असताना आवाजही वेगळा येतो. कॅव्हिटेशनमध्ये पाइपातून गिट्टी वाहते आहे असं वाटतं, फ्लॅशिंगमध्ये नुसता सततचा फूत्कार.

कारण दोन्हींचं एकाच ठिकाणी सुरू होतं. सीटच्या अरुंद जागेतून जाताना पाण्याचा वेग वाढतो आणि दाब पडतो. सगळ्यात कमी दाब सीटच्या किंचित पुढे येतो. तो त्या तापमानाच्या बाष्पदाबाखाली गेला की पाणी तिथंच उकळतं आणि बुडबुडे होतात. पुढे वेग कमी होऊन दाब परत चढतो. व्हॉल्व्हनंतरचा दाब बाष्पदाबापेक्षा जास्त असेल तर बुडबुडे मिटतात, आणि मिटताना धातूला लागून मिटले तर त्याचा तुकडा घेऊन जातात. हे कॅव्हिटेशन. व्हॉल्व्हनंतरचा दाबच बाष्पदाबाखाली असेल तर बुडबुडे मिटत नाहीत, वाढत जातात, आणि पाइपातून पाणी-वाफेचं मिश्रण पळतं. हे फ्लॅशिंग.

म्हणजे कुठला आजार आहे हे ठरवायला दोनच आकडे लागतात: व्हॉल्व्हनंतरचा दाब आणि पाण्याचा बाष्पदाब.

गणित, आणि त्यातली गेजची चूक

पंपाच्या डिस्चार्जवरचा गेज २४.५ किलो दाखवतो. ते साधारण २४ बार, आणि वातावरणाचा एक धरून २५ बार अॅबसोल्यूट. हा एक बार विसरणारे बरेच आहेत. वरच्या बाजूला त्यानं फरक पडत नाही, पण खालच्या बाजूला, जिथं सगळा खेळ एक-दोन बारचा आहे, तिथं उत्तरच बदलतं.

डीएरेटर १०५ अंशांवर चालतो. त्या तापमानाला बाष्पदाब १.२१ बार अॅबसोल्यूट. डीएरेटर आठ मीटर उंच आहे आणि व्हॉल्व्ह खाली पंपाजवळ, म्हणून व्हॉल्व्हनंतरचा दाब म्हणजे डीएरेटरचा १.२१, वर उभ्या पाण्याचे पाऊण बार आणि थोडं घर्षण, असे मिळून २ बार. दोन हे १.२१ पेक्षा जास्त, म्हणजे इथं कॅव्हिटेशन. खड्डेवाला प्लग आणि गणित जुळतात.

आता व्हॉल्व्हचा आकार, म्हणजे त्याची प्रवाह नेण्याची क्षमता. ती केव्ही किंवा सीव्ही या आकड्यात मोजतात. पुरवठादारानं दिलेल्या शीटवर हिशोब असा होता: प्रवाह ६, दाबातला फरक २५ वजा २ म्हणजे २३ बार.

```
Kv = Q * sqrt(SG / dP)
   = 6 * sqrt(0.955 / 23) = 1.22
Cv = 1.156 * Kv = 1.41
```

यात एक गोष्ट गृहीत आहे, की दाबातला फरक वाढवत नेला की प्रवाह वाढतच जातो. तसं होत नाही. सीटपुढे वाफ भरली की ती वाट अडवते, आणि त्यानंतर खालचा दाब कितीही कमी केला तरी प्रवाह तेवढाच राहतो. याला चोक्ड फ्लो म्हणतात. प्रवाहाच्या हिशोबात जास्तीत जास्त किती फरक धरायचा, हे आयईसी ६०५३४ मधल्या सूत्रानं निघतं:

```
FF    = 0.96 - 0.28 * sqrt(Pv / Pc)
      = 0.96 - 0.28 * sqrt(1.21 / 221) = 0.94
dPmax = FL^2 * (P1 - FF * Pv)
      = 0.81 * (25 - 1.14) = 19.3 bar
```

२२१ बार हा पाण्याचा क्रिटिकल दाब. एफएल हा व्हॉल्व्हचा स्वभाव: आत पडलेला दाब पुढे किती परत चढतो याचं माप. ग्लोब व्हॉल्व्हमध्ये दाब कमी परत चढतो, म्हणून एफएल ०.९ च्या आसपास. बॉल आणि बटरफ्लायमध्ये तो बराच परत चढतो, म्हणून ०.६ ते ०.७. उघडीप बदलली की हा आकडाही बदलतो, म्हणून शेवटचा हिशोब बनवणाऱ्याच्या तक्त्यावरूनच करावा.

तर आपल्याकडे फरक २३ बारचा आहे, पण प्रवाहाच्या कामी येतात १९.३ च. उरलेले पावणेचार बार फक्त आवाज आणि नुकसान करतात. १९.३ घालून केव्ही १.३३ आणि सीव्ही १.५४ येतो. १.४१ आणि १.५४ मध्ये फार अंतर नाही. म्हणजे ग्लोबच्या बाबतीत आकार चुकला म्हणून व्हॉल्व्ह खाल्ला गेला नाही.

इथंच अनेक जण फसतात. चोक्डची मर्यादा आली नाही म्हणजे व्हॉल्व्ह सुरक्षित, असं समजलं जातं. ती मर्यादा प्रवाहाची आहे, धातूची नाही. बुडबुडे त्याच्या कितीतरी आधी सुरू होतात, आणि धातू खायलाही आधीच सुरुवात होते. धातूसाठी वेगळं गुणोत्तर बघायचं: दाबातला फरक भागिले वरचा दाब वजा बाष्पदाब. आपल्याकडे ते २३ भागिले २३.७९, म्हणजे ०.९७. साध्या एकटप्पी ग्लोबमध्ये हे गुणोत्तर अर्ध्याच्या आसपास असतानाच कॅव्हिटेशनचा आवाज सुरू होतो. ०.९७ वर साधा प्लग टिकेल अशी अपेक्षाच चूक आहे, मग तो कुठल्याही कंपनीचा असो.

आपल्याकडे मे महिन्यात बिघडलेली प्रत्येक गोष्ट उन्हावर ढकलतात. इथं उन्हाचा काही संबंध नाही, पाणी आधीच १०५ वर आहे. उलट सुट्टीनंतर थंड टाकीचं पाणी ५०-६० अंशांवर पंपातून फिरवतात तेव्हा मार जास्त बसतो. बाष्पदाब कमी असला की बुडबुडे अधिक जोरानं मिटतात.

जे उपाय करून झाले आणि चालले नाहीत

स्टेलाइट चढवलेला ट्रिम टाकला. तो साध्या एसएसपेक्षा जास्त टिकला हे खरं. पण कडक धातूनं कॅव्हिटेशन थांबत नाही, फक्त खाण्याचा वेग कमी होतो. गिट्टीचा आवाज होता तसाच होता.

मग "लहान आहे म्हणून ताण येतो" असं ठरवून कोणीतरी मोठा व्हॉल्व्ह बसवला, ४० मिलिमीटरचा, लिनिअर ट्रिम, सीव्ही २५. गरज १.५४ ची. म्हणजे तो सहा टक्के उघडून काम करणार. प्लग सीटला जवळजवळ टेकलेला, आणि सगळा २३ बारचा मार नेमका त्या कडेवर जिथं व्हॉल्व्हला बंद व्हायचं असतं. हा व्हॉल्व्ह आधीच्यापेक्षा लवकर गळायला लागला. दाब खाण्याच्या कामात मोठा सीव्ही हा उपाय नाही.

पुढचा उपाय बॉल व्हॉल्व्ह, कारण स्वस्त आणि अकोल्याच्या दुकानात लगेच मिळणारा. त्याचा एफएल ०.६ धरला तर सूत्रात ०.३६ गुणिले २३.८६, म्हणजे ८.६ बारलाच प्रवाह चोक होतो. हाच प्रवाह न्यायला सीव्ही २.३ लागतो. पूर्ण बोअरच्या २५ मिलिमीटर बॉलचा सीव्ही याच्या अनेक पट, म्हणून तो जेमतेम फट ठेवून चालवावा लागतो, आणि त्या फटीतला झोत टेफ्लॉनची सीट कापतो. आयसोलेशनला तो उत्तम आहे, या कामाला नाही.

चौथा उपाय सगळ्यात शिकवणारा. कोणीतरी सुचवलं की लाइन वर डीएरेटरला कशाला न्यायची, खालच्या उघड्या फीड टँकमध्ये सोडा. तसं केल्यावर गिट्टीचा आवाज गेला, आणि फिटर खूश होऊन म्हणाला, "भाऊ, व्हॉल्व्हले आता काही होत नाही." पण व्हॉल्व्हनंतरचा दाब आता एक बारच्या आसपास आला, १.२१ च्या खाली. कॅव्हिटेशन जाऊन फ्लॅशिंग आलं. १०५ अंशांचं पाणी उघड्यावर आलं की वजनानं जेमतेम एक टक्का वाफ होते. ऐकायला क्षुल्लक, पण वाफ जागा फार घेते: मिश्रणाचं आकारमान पाण्याच्या जवळपास सोळा पट होतं. ४० मिलिमीटर पाइपात सव्वा मीटर वेगानं वाहणारं पाणी सेकंदाला वीस मीटरनं पाण्याचे थेंब घेऊन पळतं. व्हॉल्व्हनंतरचा पहिला एल्बो बाहेरच्या वळणावर पातळ होत गेला आणि एके दिवशी तिथून वाफ आली. आतून तो आरशासारखा गुळगुळीत होता.

फ्लॅशिंग कुठल्याही ट्रिमनं टाळता येत नाही, कारण ते व्हॉल्व्ह ठरवत नाही, खालचा दाब ठरवतो. ते असणारच असेल तर व्हॉल्व्ह टाकीच्या नोझललाच लावा म्हणजे मध्ये एल्बो राहत नाही, बाहेरचा पाइप मोठा घ्या, अँगल बॉडी आणि क्रोम-मॉली स्टील वापरा. आपल्या उदाहरणात मात्र सरळ मार्ग उपलब्ध होता: लाइन परत डीएरेटरला जोडणे.

जे टिकलं

दाब एकाच जागी उतरवायचा नाही. हे दोन तऱ्हांनी होतं. अनेक टप्प्यांचा ट्रिम असलेला व्हॉल्व्ह किंवा पंपालाच बसणारा स्वयंचलित रिसर्क्युलेशन व्हॉल्व्ह घेणे ही एक, आणि नवीन प्लांट असेल तर तेच करा. दुसरी, आहे त्या ग्लोबच्या पुढे ऑरिफिस प्लेट घालून मागचा दाब वाढवणे. इथं दुसरी केली.

व्हॉल्व्हनंतरचा दाब २ वरून १४ बारवर आणला तर व्हॉल्व्हच्या वाट्याला ११ बार येतात. गुणोत्तर ११ भागिले २३.७९, म्हणजे ०.४६. आता प्लग श्वास घेतो. सीव्ही परत काढायला लागतो, कारण फरक कमी झाला: ६ गुणिले ०.९५५/११ चं वर्गमूळ म्हणजे केव्ही १.७७, सीव्ही २.०५. तेवढ्याच क्षमतेचा ट्रिम घेतला, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडून काम करतो आणि सीटची कड प्रवाहापासून लांब राहते.

उरलेले १२ बार एकाच प्लेटवर टाकले तर आजार व्हॉल्व्हमधून प्लेटवर जाईल, म्हणून चार प्लेट. पहिलीवर १४ चे ७, दुसरीवर ७ चे ४, तिसरीवर ४ चे २.६, चौथीवर २.६ चे २. प्रत्येक वेळी तेच गुणोत्तर अर्ध्याच्या आसपास राहतं का ते तपासलं: ०.५५, ०.५२, ०.५०, ०.४३. पहिली प्लेट थोडी काठावर आहे, पण प्लेटला घट्ट बंद व्हायचं नसतं. काही वर्षांनी थोडी खाल्ली गेली तर बदलायला सोपी. उतरंड समान भागांत का नाही, हे विचारणारे भेटतात. खाली जाताना बाष्पदाब जवळ येतो, म्हणून प्रत्येक पुढच्या प्लेटनं कमी खायचं असतं.

४० मिलिमीटर पाइपात भोकं पहिल्या अंदाजानं ९.५, ११.५, १३.५ आणि १६ मिलिमीटर निघाली. भोकाची आत येणारी कड धारदार आणि मागची बाजू ४५ अंशांत कापलेली, असं धरलं आहे. एमआयडीसीतल्या लेथवर एसएसच्या प्लेट एका दुपारी होतात. प्रत्येक दोन प्लेटमध्ये दहा पाइप व्यासांएवढं, म्हणजे ४० सेंटिमीटर अंतर ठेवा, नाही तर पहिलीचा झोत सरळ दुसरीच्या भोकात शिरतो आणि टप्पे नावालाच राहतात. हा स्पूल खालीच, उभ्या पाइपाच्या पायथ्याशी ठेवला. वर डीएरेटरजवळ नेला असता तर वरच्या पाण्याचे पाऊण बार गेले असते आणि शेवटची प्लेट जवळजवळ फ्लॅशिंगमध्ये गेली असती.

व्हॉल्व्ह आणि पहिल्या प्लेटच्या मध्ये एक गेज नक्की लावा. ६ घनमीटरला त्यावर १३.२ किलोच्या आसपास दिसलं पाहिजे. काही महिन्यांत तो आकडा घसरत असेल तर प्लेटची भोकं वाढत आहेत. एकदम चढला तर भोकात वेल्डिंगची कपची अडकली आहे, आणि मग पंपाला किमान प्रवाह मिळत नाही. तेव्हा लगेच थांबा.

या उपायाची मर्यादा

ऑरिफिस प्लेट ठरावीक प्रवाहालाच काम करते. प्रवाह अर्धा झाला की तिच्यावरचा दाब पाव होतो. रिसर्क्युलेशन व्हॉल्व्ह मॉड्युलेट करून ३ घनमीटरवर ठेवला तर प्लेट १२ ऐवजी फक्त ३ बार घेतात, आणि व्हॉल्व्हवर परत २० बार येतात. म्हणून हा व्हॉल्व्ह ऑन-ऑफ ठेवला: पंपाचा एकूण प्रवाह ६ च्या खाली गेला की पूर्ण उघड, ड्रमकडे ८ च्या वर जायला लागले की पूर्ण बंद. मध्ये दोन घनमीटरची मोकळी जागा नसेल तर तो सारखा उघडबंद होतो.

याच कारणानं ही युक्ती ड्रमच्या फीड कंट्रोल व्हॉल्व्हवर लावू नका. तिथं प्रवाह दिवसभर बदलतो. बॉयलर चालू करताना ड्रममध्ये दाब नसतो तेव्हा त्याच्यावरही जवळपास इतकाच मार पडतो, पण त्याला इलाज स्टार्टअपची वेगळी छोटी लाइन किंवा अनेक टप्प्यांचा ट्रिम हाच.

नवा व्हॉल्व्ह मागवताना चौकशीच्या कागदावर फक्त "६ घनमीटर, २४ किलो" लिहून पाठवलं तर साधा ग्लोबच येतो. तापमान, व्हॉल्व्हनंतरचा अॅबसोल्यूट दाब, डीएरेटरची उंची आणि थंड पाण्यावरची स्टार्टअपची स्थिती वेगळी लिहा, आणि प्रत्येक स्थितीला उघडीप, एफएल आणि कॅव्हिटेशन सुरू होण्याचं गुणोत्तर किती, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.